पॅच क्लॅम्प जुनाट झालंय का?

कोपरखैरणेकर: मेथड्सच्या कोर्सला असाइनमेंट आहे, एकट्या न्यूरॉनचा अभ्यास करायला ऑप्टोजेनेटिक्स बरं, म्हणजे पेशीत उजेडाने चालणारं प्रोटीन घालून तिला लाइटने चालवणं, की पॅच क्लॅम्प, म्हणजे पेशीला पिपेट चिकटवून तिचा करंट मोजणं. मी सरळ लिहिणारे की पॅच म्हणजे जुनाट कारागिरी, काचेची पिपेट घेऊन एकेक पेशी पकडत बसा, त्यापेक्षा लाइट मारा आणि मोकळे व्हा. कोणाचं वेगळं मत?

घोडबंदरची ताई: मत नाही, वैताग आहे, दर बॅचला कोणीतरी हेच लिहितं. लाइट मारलास, मग पेशी फायर झाली हे कळलं कसं? ऑप्टोजेनेटिक्स पेशीला चालवतं, मोजत नाही. 2005 मध्ये बॉयडन, डायसेरॉथ मंडळींनी न्यूरॉनमध्ये चॅनेलरोडॉप्सिन, म्हणजे उजेडाने उघडणारं चॅनेल, चालतं हे दाखवलं, तेही पेशींना पॅच करूनच.

आता तुझा 'एकटा न्यूरॉन' घे. मेंदूच्या स्लाइसमध्ये एक पेशी होल-सेल पॅच केलीस, -70 मिलिव्होल्टला धरलीस, 5 मिलिसेकंद निळा लाइट दिलास आणि करंट आला. पण तो कोणाचा? त्या पेशीच्या स्वतःच्या चॅनेलरोडॉप्सिनचा, की उजेडाने शेजारची फायर झाली आणि तिने सिनॅप्सवरून पाठवला त्याचा? साधा एलईडी लाइट पसरतो, ऑप्सिन, म्हणजे हेच उजेडाचं प्रोटीन, असलेल्या आसपासच्या सगळ्याच पेशी एकदम जाग्या होतात. म्हणून करंटची सुरुवात बघायची. स्वतःचा असेल तर लाइट लागल्या लागल्या, मिलिसेकंदाच्या आत चढायला लागतो. सिनॅप्सचा काही मिलिसेकंद उशिरा येतो आणि तो उशीरही दर वेळी थोडा मागेपुढे होतो. तरी शंका असेल तर सीएनक्यूएक्स आणि एपी-5 टाकून ग्लुटामेटचा रस्ता बंद करायचा, इनपुट गाबाचा असू शकत असेल तर पिक्रोटॉक्सिनसुद्धा, मग जो उरला तो पेशीचा स्वतःचा. यातलं काय नुसत्या लाइटने कळलं असतं सांग.

ऐरोली_बायोटेक: ताई, पण पॅच केलेली पेशी नॉर्मल राहते कुठे? होल-सेलमध्ये पिपेटमधलं सोल्युशन आत जातं, आतलं धुऊन निघतं, अर्ध्या तासात पेशी वेगळीच वागायला लागते. लाइट तर पेशीला हातही लावत नाही.

घोडबंदरची ताई: वॉशआउटचं बरोबर, म्हणून तर मेम्ब्रेन न फोडता फक्त बारीक भोकं पाडणारा परफोरेटेड पॅच करतात. हात लावत नाही म्हणे! व्हायरस सुईने टोचून आत घातलास, परकं प्रोटीन मेम्ब्रेनभर पेरलंस, ते काय? आणि एक्स्प्रेशन जास्त झालं आणि लाइट लांबवला तर पेशी इतकी डिपोलराइझ होते की सोडियम चॅनेल बंद पडून स्पाइकच थांबतात. तू वहीत लिहिणार 'उत्तेजित केली', आणि ती गप्प बसलेली. पॅच असेल तर दिसतं, सुरुवातीला एकदोन स्पाइक आणि मग व्होल्टेज वरच सपाट.

रबाळे_रिगवाला: पॅचचं कौतुक करणाऱ्यांनी ठाणे-बेलापूर रोडला लागून रिग लावून बघावी. एअर टेबल असून ट्रेलर गेला की पिपेट आणि पेशीमधलं सील गेलं. त्यात 50 हर्ट्झचा गुणगुणाट. फॅराडे केज पुसून काढला, ग्राउंड बदलला, एसी बंद केला, काही नाही. शेवटी एकेक प्लग काढत गेलो तर गुन्हेगार कोण, लाइटचा एलईडी ड्रायव्हर! तो दुसऱ्या सॉकेटवर होता, ग्राउंड लूप झालेला. सगळं एकाच पट्टीवर आणलं आणि ट्रेस साफ. सरांना आधीच सांगितलं होतं, ऐकतंय कोण.

ऐरोली_बायोटेक: हा वायरिंगचा प्रॉब्लेम आहे, मेथडचा नाही.

रबाळे_रिगवाला: ज्याने कधी गिगाओहम सील लावलं नाही त्याने वायरिंग आणि मेथड वेगळं करावं! पिकोअँपिअर मोजायचे असतील तर वायरिंग हीच मेथड.

वागळे_काका: हे लाइटवालं डोळ्यांसाठी निघालंय ना? आमच्या बाबांना रेटिनायटिस आहे, ठाण्यात कुठे करतात?

घोडबंदरची ताई: काका, ते वेगळं. 2021 मध्ये एका अंध रुग्णाला ऑप्सिन आणि खास गॉगलने थोडंफार दिसायला लागल्याचं प्रसिद्ध झालं होतं, पण ती ट्रायल होती. बाबांच्या रेटिना डॉक्टरांनाच विचारा.

ऐरोली_बायोटेक: बरं, एलईडीचं सोडा. टू-फोटॉन होलोग्राफी आणि फक्त सोमावर, म्हणजे पेशीच्या मुख्य भागावर, बसणारं ऑप्सिन, त्याने एकच पेशी पेटवता येते, जिवंत प्राण्यात, एकाच वेळी कितीतरी. तुमची पिपेट एका वेळी एकच धरणार.

घोडबंदरची ताई: हे मानते, नाइलाजाने. पण शेजारची पेटली नाही हे तपासायला काय करतात? एक पेशी पॅच करतात, लाइटचा ठिपका तिच्यापासून थोडा थोडा दूर नेतात आणि किती अंतरावर स्पाइक थांबतात ते बघतात.

ऐरोली_बायोटेक: एकदा तपासलं की झालं ना, दर प्रयोगाला थोडीच करतात.

घोडबंदरची ताई: पॉवर बदलली, खोली बदलली, एक्स्प्रेशन बदललं की पुन्हा. तुम्ही करत नसाल.

कोपरखैरणेकर: धन्य आहात सगळे. 'जुनाट' काढतो आणि ताईंचं करंटवालं उदाहरण ढापतो. पण सरांनी 'दोन्हींपैकी एक निवडा' असंच लिहिलंय, त्याचं काय करू?

रबाळे_रिगवाला: पॅच निवड. आणि एलईडी ड्रायव्हर त्याच पट्टीवर लाव.