विषय: स्मरणिकेचा फॉन्ट, लायसन्स की आणि माझा गाढवपणा

केदार लिहितो:

मंडळी नमस्कार, सध्या तीन आठवडे पुण्यात आहे, कोथरूडला बाबांकडे, आणि स्मरणिकेचं काम इथूनच चालू आहे. प्रॉब्लेम असा झालाय की शीर्षकांसाठी जो देवनागरी फॉन्ट आपण ठरवला होता त्याचा ३० दिवसांचा ट्रायल मी मागच्या महिन्यात उतरवला, साइट ईमेल मागत होती, म्हटलं कशाला आपला खरा द्या, उद्यापासून रोज ऑफर येणार, म्हणून ते दहा मिनिटांवालं टेम्पररी मेल असतं ना त्यातला एक पत्ता टाकला, लिंक आली, फॉन्ट उतरला, टॅब बंद. इथपर्यंत मस्त. परवा ट्रायल संपत आला म्हणून त्याच अकाउंटमधून 'विकत घ्या' दाबलं, माझं कार्ड चाललं नाही म्हणून बाबांच्या यूपीआयवरून ३,८०० रुपये भरले, आणि स्क्रीनवर आलं, लायसन्स की तुमच्या नोंदवलेल्या ईमेलवर पाठवली आहे. नोंदवलेला ईमेल म्हणजे तोच. आता ती टेम्पररीवाली साइट उघडली की नवाच पत्ता देते. सपोर्टला माझ्या जीमेलवरून लिहिलं तर उत्तर आलं, कृपया नोंदवलेल्या पत्त्यावरूनच लिहा. काही उपाय?

सुनंदामावशी लिहितात:

केदार, पार्सल हरवलं का रे? तात्पुरता पत्ता दिला की असंच होतं, माझ्या भाच्याने औंधच्या रूमचा पत्ता दिला होता, रूम सोडली आणि वर्षभर बँकेची पत्रं घरमालकाच्या टीपॉयवर. कुरियरवाल्याचा नंबर असेल तर फोन कर, पुण्यातच आहेस तर जाऊन घेऊन ये.

शिरीषकाका लिहितात:

मावशी, पत्ता म्हणजे ईमेलचा हो. केदार, या टेम्पररी साइट्सची गरजच काय, मी कित्येक वर्षं जीमेलमध्ये अधिक चिन्ह लावून वापरतो, म्हणजे `tumchanaav+font@gmail.com` असं द्यायचं, मेल आपल्याच इनबॉक्समध्ये येतं आणि त्रास झाला की त्यावर फिल्टर लावायचा. खरा पत्ता लपतो, उत्तरही देता येतं. पत्ता मरतच नाही.

मृणाल लिहिते:

काका, अर्धं बरोबर आहे. पत्ता मरत नाही हे खरं, पण लपत अजिबात नाही, अधिक चिन्हापासून @ पर्यंतचं कुणीही खोडलं की खाली तुमचा खरा पत्ता. आणि केदारसारखी वेळ आली तर तुम्हीही अडकाल, कारण तुम्ही रिप्लाय दाबता तेव्हा जीमेल तो साध्या पत्त्यावरून पाठवतं, सपोर्टवाल्याला तो वेगळाच माणूस वाटतो. त्यासाठी सेटिंग्जमधल्या अकाउंट्समध्ये जाऊन तो अधिकवाला पत्ता पाठवण्याचा पत्ता म्हणून आधी जोडून ठेवावा लागतो. काही फॉर्म तर अधिक चिन्हच घेत नाहीत.

केदार, आता तुझं. तो पत्ता परत मिळेल का, हे कुठल्या प्रकारची सेवा होती त्यावर आहे. योपमेलसारखी असेल तर नाव आठवलं तरी पुरे, तिथे पासवर्डच नसतो, नाव टाइप केलं की खोकं उघडतं, मेल ८ दिवस राहतात. गुरिल्ला मेलमध्येही तेच नाव परत घेता येतं पण मेल तासाभरातच उडतं, म्हणजे खोकं उघडून बसायचं आणि की पुन्हा पाठवायला लावायची. तुझं मात्र दहा मिनिटांवालं, त्यात नाव साइटच वाटेल ते देते आणि ते तुझ्या त्या वेळच्या ब्राउझर सेशनला बांधलेलं असतं, सेशन संपलं की तुझ्या हातात काही नाही. फॉन्टवाल्यांकडे मात्र 'मेल पोचलं' असं दिसत असू शकतं, कारण डोमेन जिवंत असेल तर तिथला सर्व्हर मेल घेतो आणि टाकून देतो. म्हणून ते निवांत आहेत.

आणि जे परत उघडता येतं ते फार चांगलं असंही नाही. एकदा गंमत म्हणून अशाच एका बिनपासवर्डच्या साइटवर `pune` एवढंच टाकून बघितलं, कुणाच्या तरी ऑनलाइन कोर्सची पासवर्ड बदलायची लिंक समोर. मी बंद केलं, पण दुसऱ्या कुणी केलं असतं का? तुझी की तिथे पडली असती तर ती अख्ख्या गावाची झाली असती.

एक प्रश्न. ज्या कॉम्प्युटरवरून पैसे भरलेस तिथे फॉन्टच्या साइटवर अजून लॉगिन आहेस का? असशील तर लॉगआउट करू नकोस, कुकीज साफ करू नकोस. आधी ऑर्डर्सच्या पानावर की दिसते का बघ, बऱ्याच साइट्स तिथेही दाखवतात. नसेल तर प्रोफाइलमध्ये ईमेल बदलून बघ.

केदार लिहितो:

बाबांच्या डेस्कटॉपवर लॉगिन आहे!! पासवर्डही ब्राउझरने लक्षात ठेवलाय. ऑर्डर्समध्ये पावती दिसते, लायसन्स की दिसत नाही, तिथे फक्त 'ईमेलने पाठवली'. प्रोफाइलमध्ये ईमेल बदलायला गेलो, पासवर्ड मागितला, दिला, आणि मग म्हणे बदल पक्का करायची लिंक जुन्या पत्त्यावर पाठवली आहे. डोक्याला हात लावला.

मृणाल लिहिते:

याचीच भीती होती. तो बदल खोकं जिवंत असताना, त्या दहा मिनिटांतच करायला हवा होता, किंवा निदान पैसे भरायच्या आधी खऱ्या पत्त्याचं नवीन अकाउंट काढून त्यातून विकत घ्यायला हवं होतं. आता लॉगिन असलेल्या त्याच अकाउंटमधून सपोर्टचा फॉर्म भर, बाहेरून मेल नको. त्यात ऑर्डर नंबर, तारीख, रक्कम आणि यूपीआयचा १२ आकडी यूटीआर नंबर दे. 'माझा ईमेल चालत नाही' असं मोघम लिहू नकोस, सरळ सांग की तात्पुरता पत्ता दिला होता, तो बंद झाला, आता ऑर्डर या नवीन पत्त्याला जोडा.

पुढच्या वेळी जिथून काहीही परत यायची शक्यता आहे, लायसन्स की, बिल, अपडेट, तिथे फॉरवर्ड करणारा पत्ता वापर. सिंपललॉगिन, फायरफॉक्स रिले, डकडकगोचा, कुठलाही. मी सिंपललॉगिन वापरते, साइटला बनावट नाव जातं, मेल माझ्याकडे येतं आणि मी रिप्लाय केला की तोही त्या बनावट नावानेच पोचतो. फक्त खाली सही आपोआप लागत असेल तर ती काढा, मी एकदा सगळं लपवून खाली स्वतःचा मोबाइल नंबर पाठवला होता. एकदाच उतरवायची पीडीएफ असेल तर दहा मिनिटांवालं उत्तम, मीही वापरते.

शिरीषकाका लिहितात:

ती फॉरवर्डवाली कंपनी उद्या बंद पडली तर? तेव्हाही पत्ता मेलाच ना. माझं अधिक चिन्ह गूगल असेपर्यंत आहे.

मृणाल लिहिते:

हो, ते खरंय काका. म्हणून बँकेला मी तोही देत नाही.

केदार लिहितो:

फॉर्म भरला, यूटीआर दिला. आत्ता उत्तर आलं, की पैसे भरणाऱ्याच्या नावाचा पुरावा द्या. म्हणजे बाबांचा, आणि लायसन्स मंडळाच्या नावावर हवंय, खजिनदार बिलाशिवाय पैसे देणार नाहीत, ते कसं जमवायचं अजून कळत नाहीये, कुणी असं केलं असेल तर सांगा. दरम्यान बाबा रोज रात्री 'कॉम्प्युटर हलका होतो' म्हणून हिस्टरी साफ करतात, म्हणून मॉनिटरवर पाटी चिकटवलीय: 'लॉगिन चालू आहे. साफसफाई करू नये. विचारूही नये.' बाबांनी खाली पेनाने लिहिलंय, '३,८०० कधी देणार?'