हातावरचा ‘यव’ आणि ‘द्वीप’ एकच का? (आणि फुली, तारका, जाळी)

अनघा_वाई
माझे मोठे काका हात बघायचे. पैसे घेत नसत, पण शेजारपाजारचे, नात्यातले बरेच हात त्यांनी छपाईच्या शाईत बुडवून वहीत उतरवून ठेवलेत. प्रत्येक ठशाखाली दोन-तीन ओळींची टिपणं आहेत. ती वही मी आता टंकते आहे आणि एका शब्दाशी अडले आहे.

एका ठशाखाली त्यांनी लिहिलंय, ‘अंगठ्यास यव. खाऊनपिऊन सुखी.’ चार पानांनंतर दुसऱ्या ठशाखाली, ‘मस्तकरेषेवर शनीखाली यव. डोकेदुखी, प्रकृती जपावी.’ एकच शब्द एकीकडे शुभ आणि दुसरीकडे अशुभ कसा? एका ठिकाणी ‘यव (द्वीप)’ असंही लिहिलंय. म्हणजे दोन्ही एकच का?

शिवाय ‘फुली’, ‘तारका’ आणि ‘जाळी’ हे शब्दही येतात. यांचे नेमके अर्थ काय? दुसरा ठसा माझाच आहे, 1987 सालचा, मी तेव्हा अकरा वर्षांची होते. म्हणून जरा जास्तच उत्सुकता आहे.

दिगंबर_कुलकर्णी
सोपं आहे. रेषा दुभंगून पुन्हा जुळली की मधे जो डोळ्यासारखा आकार होतो तो यव, त्यालाच द्वीप म्हणतात. यव कुठेही वाईटच. तारका गुरूवर, म्हणजे तर्जनीखालच्या उंचवट्यावर, असली की उत्तम; शनीवर, म्हणजे मधल्या बोटाखाली, वाईट. फुली बहुतेक वाईट. जाळी असली की त्या ग्रहाची शक्ती अडकते. घाबरायचं कारण नाही, रेषा दर सहा महिन्यांनी बदलतात.

हरिहर_शास्त्री
दिगंबरराव, आकाराचं वर्णन बरोबर आहे, पण ‘यव कुठेही वाईटच’ हे आपल्या परंपरेला धरून नाही.

यव म्हणजे सातू, जव. अंगठ्याच्या सांध्यावर आडव्या दोन रेषा कडेला जुळून सातूच्या दाण्यासारखा आकार करतात, तो यव. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पुरुषलक्षणांच्या प्रकरणात अंगठ्यावरचे यव संपन्नतेचं लक्षण म्हणून आलेत आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेले यव संततीचं. तिथं यव म्हणजे धान्याचा दाणा, भरल्या घराची खूण. मत्स्य, शंख, अंकुश, ध्वज ही लक्षणं त्याच पंगतीतली.

‘द्वीप’ दुसऱ्या घरातून आलाय. एकोणिसाव्या शतकात फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये हस्तरेषांवर जी पुस्तकं निघाली, त्यांत रेषेवरच्या या आकाराला बेट म्हटलं गेलं. रेषा म्हणजे वाहता प्रवाह अशी त्यांची कल्पना होती. प्रवाह दुभंगला की जोर घटतो, म्हणून बेट कायम दोषाचं. ही पद्धत मराठीत आली तेव्हा काहींनी ‘बेट’ किंवा ‘द्वीप’ लिहिलं, तर काहींनी ओळखीचा ‘यव’ शब्द उचलला. आकार सारखाच असल्यामुळे शब्द चालून गेला, पण त्याच्याबरोबर उलटा अर्थ आला. अनघाताई, तुमच्या काकांच्या वहीत दोन्ही घरं एकत्र नांदतायत. पहिल्या ठशातला यव सामुद्रिकातला, म्हणजे आपल्या जुन्या अंगलक्षणांच्या शास्त्रातला, दुसऱ्यातला युरोपातला.

माझं मत विचाराल तर अंगठ्यावर ‘यव’ आणि रेषेवर ‘द्वीप’ असं वेगळं ठेवावं. ‘बेट’ मराठीत जास्त सोपा, पण तो रूढ झाला नाही.

शुभदा_पनवेल
माझं नक्षत्र आश्लेषा आहे. हातावर ते नक्षत्र कुठं दिसतं? आईच्या एका पुस्तकात ‘गुरूवर नक्षत्र असता’ असं वाचलं होतं.

हरिहर_शास्त्री
शुभदाताई, तुमच्या जन्मनक्षत्राशी याचा काही संबंध नाही. तिथं ‘नक्षत्र’ म्हणजे एका बिंदूत तीन किंवा जास्त रेघा छेदून झालेली चांदणीची आकृती. मला हा शब्द गोंधळाचा वाटतो, कारण नक्षत्र म्हटलं की मराठी माणसाला सत्तावीस आठवतात. ‘तारका’ बरा. दोनच रेघा छेदल्या तर ती तारका नाही, फुली झाली.

शुभदा_पनवेल
अच्छा! मी इतकी वर्षं आश्लेषा शोधत होते.

माधव_ठसे
मी बोटांच्या ठशांच्या कामात बरीच वर्षं घालवली, आता निवृत्त आहे. भविष्यातलं मला कळत नाही, पण शाईचा ठसा कळतो, म्हणून लिहितो.

तळव्यावर तीन प्रकारच्या रेघा असतात आणि त्या वेगळ्या करायला हव्यात. एक, बारीक उठलेल्या समांतर रेघा, ज्यांचा ठसा घेतात. त्या गर्भातच तयार होतात आणि खोल जखम झाली नाही तर जन्मभर तशाच राहतात. दोन, मोठ्या घड्या, म्हणजे तुम्ही ज्यांना आयुष्य, मस्तक, हृदय म्हणता त्या. त्याही गर्भातल्या, साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत दिसू लागतात आणि ढोबळ मानाने टिकतात. दिगंबररावांचं ‘सहा महिन्यांनी बदलतात’ या दोघांना लागू नाही.

तिसऱ्या म्हणजे बारीकसारीक सुरकुत्या. ठशात त्या पांढऱ्या रेघा दिसतात, कारण तिथं शाई पोचत नाही. वय, कोरडी कातडी, भांड्यांचं साबणपाणी, उन्हातलं काम, याने त्या वाढतात, कमी होतात, जागा बदलतात. तुमच्या फुल्या, तारका, जाळ्या बहुतेक या तिसऱ्या जातीच्या असतात. इथं दिगंबररावांचं म्हणणं बरोबर आहे.

आता शाईबद्दल. शाई जास्त झाली की अरुंद घडी भरून जाते आणि जवळच्या दोन रेघा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. कमी झाली तर अखंड रेघ तुटलेली दिसते. तळव्याचा मधला खोलगट भाग कागदाला टेकतच नाही, म्हणून तिथं खोटी चिन्हं फार दिसतात. अनघाताई, तुमची मस्तकरेषा शनीखाली नेमकी त्याच खोलगट भागात आहे. तुमचा हात आहे ना जागेवर? एकदा तपासून बघा.

साबणाने हात धुवा, पूर्ण कोरडा करा, अर्धा तास थांबा. खिडकीपाशी बसून उजेड एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून पडेल असा हात धरा. दहापट मोठं करणारं भिंग असेल तर उत्तम. खरी घडी दोन्ही उजेडात एकाच जागी राहते, सावलीची रेघ सरकते. मग बोटं मागं ताणून बघा, नंतर तळवा किंचित मिटून बघा. मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढू नका, त्यात बारीक घड्या पुसल्या जातात.

वैशाली_निगडी
माझ्या लग्नाच्या वेळी मुलाकडच्या एका बाईंनी माझा हात धरून ‘शुक्रावर जाळं आहे, मुलगी चंचल असणार’ असं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. ते स्थळ मोडलं. मला लहानपणापासून एक्झिमा आहे, दोन्ही तळहात रेघांनी भरलेले असतात. परवा त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं की अशी कातडी असलेल्यांत तळव्याच्या रेघा जास्त आणि ठळक असणं नेहमीचं आहे, बऱ्याचदा ते आनुवंशिक असतं. माझ्या वडिलांचे आणि मुलाचे हात असेच आहेत. इतक्या वर्षांनी हे कळलं तेव्हा मी रडले.

इथं कुणी विचारलं नव्हतं, पण ‘जाळी’ हा शब्द दिसला आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

हरिहर_शास्त्री
वैशालीताई, लिहिलंत ते बरं केलंत. त्या बाई ‘जाळं’ म्हणाल्या, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुस्तकांत ‘जाळी’ आणि ‘जाळे’ दोन्ही येतात. जाळी खिडकीला असते, करवंदांची असते. जाळं कोळ्याचं असतं, त्यात कुणीतरी अडकतं. काही आडव्या आणि काही उभ्या रेघा एकमेकींना छेदतात, इतकंच मूळ वर्णन. ‘जाळं’ म्हटलं की निम्मं भाकीत शब्दातच सांगून होतं.

आणि जाल हे सगळीकडे अशुभही नाही. बुद्धाच्या बत्तीस महापुरुषलक्षणांत हातापायांवरचं ‘जाल’ येतं. तिथं ते बोटांमधलं पातळ पापुद्र्यासारखं कातडं की जाळीदार रेघा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ते शुभ लक्षण आहे, यात वाद नाही.

दिगंबर_कुलकर्णी
वैशालीताईंचं ऐकून वाईट वाटलं. तरी मी चाळीस वर्षं हात बघतोय, काही वेळा जुळतं हे मी नाकारणार नाही. पण मान्य करतो, माझ्या गुरुजींची शिस्त मी इथं लिहिलीच नाही. ते म्हणायचे, फुलीतली एक रेघ मुख्य रेषाच असेल तर ती फुली मोजायची नाही, कारण एखादी बारीक रेघ मोठ्या रेषेला कुठंतरी आडवी जाणारच. आणि एका चिन्हावरून कधी बोलायचं नाही. दोन्ही हात बघायचे, मुख्य रेषा आधी बघायची. आजार, मृत्यू, मूल होणं न होणं यांवर तोंड उघडायचं नाही.

माधव_ठसे
जुळतं ते लक्षात राहतं आणि न जुळलेलं कुणी वहीत लिहून ठेवत नाही, अडचण तिथं आहे. अशी चिन्हं आधी नोंदवून पुढं पडताळली आणि भाकितं खरी ठरली, असा भरवशाचा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. पण गुरुजींची शिस्त मला आवडली.

अनघा_वाई
माधवकाका, तुम्ही सांगितलं तसं आज सकाळी केलं. भिंग नव्हतं, मुलाचं टपाल तिकिटांचं मिळालं.

ठशात मस्तकरेषेवर साधारण चार मिलिमीटर लांबीचा बंद डोळा आहे. प्रत्यक्ष हातावर डाव्या उजेडात तो तसाच दिसला. उजव्या उजेडात मनगटाकडचं टोक उघडं दिसलं. बोटं ताणल्यावर स्पष्ट झालं: खालची रेघ मस्तकरेषेतून फुटते खरी, पण पुन्हा जुळतच नाही. जुळायच्या अलीकडे केसभर अंतरावर संपते. ठशात तिथंच शाईचा ठिपका साचलाय. म्हणजे हा यवही नाही आणि द्वीपही नाही, नुसता फाटा आहे. काकांनी त्याच ठशावर शुक्रावर ‘जाळी’ असंही लिहिलंय. आता तिथं दोन तिरप्या सुरकुत्या सोडल्या तर काही नाही.

मला अकराव्या वर्षापासून ‘डोकं जप’ म्हणून सांगितलं जायचं. डोकं दुखलं की आई वहीकडे बोट दाखवायची.

माधव_ठसे
1987 चा ठसा आणि आजचा हात, दोन्ही तुमच्याकडे आहेत. आज नवा ठसाही घ्या, कमी शाईत, आणि तळव्याखाली कापसाची पातळ गादी ठेवा म्हणजे मधला भाग टेकेल. दोन्ही शेजारी लावा.

हरिहर_शास्त्री
टंकताना काकांचा शब्द बदलू नका. त्यांनी ‘यव’ लिहिलाय तर ‘यव’च ठेवा. गंमत म्हणजे जुन्या मापांत आठ यव म्हणजे एक अंगुळ, तेव्हा तुमचं चार मिलिमीटरचं चिन्ह मापानेही दीड-दोन यव भरतं.

दिगंबर_कुलकर्णी
माझं अजून म्हणणं आहे की रेषेवरच्या यवाला ‘द्वीप’ म्हणायची गरज नाही. आमच्याकडे सगळे यवच म्हणतात.

हरिहर_शास्त्री
म्हणोत. पण मग शुभ की अशुभ, हे विचारायचा हक्क ऐकणाऱ्याला राहतो.

अनघा_वाई
नोंद अशी करते आहे, चुकत असेल तर सांगा: ‘मूळ शब्द: यव. जागा: उजवा हात, मस्तकरेषा, मधल्या बोटाखाली. ठशात बंद, हातावर मनगटाकडे उघडे. डाव्या हातावर नाही. पाहिले त्या दिवशी कातडी कोरडी, उजेड खिडकीचा.’ काकांचं ‘डोकेदुखी, प्रकृती जपावी’ हे त्यांच्या अक्षरात तसंच ठेवलंय. वहीत अजून एकतीस हात आहेत. त्यातली नऊ माणसं वाईतच राहतात, त्यांना हात धुऊन खिडकीत बसायला सांगणार आहे.