रीमास्टर मोठ्याने का वाजतं

"जुन्या सीडीपेक्षा रीमास्टर एवढं मोठ्याने का वाजतं, आणि त्यावरून भांडणं कशाला?"

अहो सीडीवर सिग्नल ० डीबी या कमाल पातळीच्या वर जाऊच शकत नाही, जुन्या सीडीत स्नेअर ड्रमचा फटका तिथपर्यंत पोचायचा नि बाकी गाणं बरंच खाली असायचं. आता रीमास्टर करताना सगळं समजा ६ डीबी वर उचललं तर फटक्याला जागाच उरत नाही, आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारा लिमिटर त्याची टोकं दाबतो, म्हणजे सरासरी वाढली पण ड्रमचा दम गेला. नव्याचा आवाज जुन्याइतका खाली आणून ऐका मग कळेल, कारण मोठं ते कानाला आधी छानच वाटतं. रॉक गायक इग्गी पॉपने तर १९९७ला आपल्या स्टूजेस बँडचा 'रॉ पॉवर' हा अल्बम स्वतःच नव्याने मिक्स करून मुद्दाम फाटेस्तोवर चढवला (म्हणजे नुसतं रीमास्टर नाहीच ते), काहींना तोच खरा रानटी वाटतो, काहींना १९७३चा डेव्हिड बोवीचा मूळ मिक्सच हवा. मला दोन गाण्यांनंतर कान दुखायला लागतात.