पिंग जातो, साईट उघडत नाही: 8.8.8.8 रामबाण आहे का?

खटपट्या: `ping 8.8.8.8` ला उत्तर येतंय, पण नावाने एकही साईट उघडत नाही? मग इंटरनेट कंपनीचा डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर, गंडलाय. राउटरमध्ये गूगलच्या डीएनएसचा पत्ता 8.8.8.8 टाका, विषय संपला. रोज रोज तेच काय विचारता!

शंकेखोर: निदान न करता औषध कसलं देता? गणपतीत आमच्याकडे वीज गेली ती गौरी आल्यावरच आली. घरचा डीएनएस रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकावर, अनबाउंड नावाच्या सॉफ्टवेअरने चालतो. पिंग ठणठणीत आणि नाव एकही सापडेना. पायवर हे चालवलं:

```
dig @127.0.0.1 wikipedia.org
dig +cd @127.0.0.1 wikipedia.org
```

`+cd` म्हणजे उत्तरावरची सही तपासू नको. पहिल्याला SERVFAIL ही चूक, दुसऱ्याला पत्ता हजर. म्हणजे लाइन ठीक, वर विचारणाही ठीक. अडलंय ते सही तपासण्यात. पायच्या घड्याळाला बॅटरी नसते, तो बंद पडला त्याच तारखेपासून पुढे मोजत होता. डीएनएसचं उत्तर खरं आहे हे पटवणाऱ्या डीएनएसेकच्या सह्या त्याला भविष्यातल्या वाटल्या. अनबाउंड जास्तीत जास्त एका दिवसाचा फरक खपवून घेतो, आमचा त्याहून मोठा होता. बरं, वेळ दुरुस्त करायची तर टाइम सर्व्हरचं नाव शोधायला हवं, आणि घोडं तिथेच अडलेलं! `sudo date -s` ने तारीख घातली आणि सगळं सुरू झालं. यात कंपनीचा काय दोष?

खटपट्या: फोनला थेट 8.8.8.8 दिलं असतं तर फोन चालला असता की नाही?

शंकेखोर: असता. पाय तसाच मागच्या तारखेत बसला असता.

खटपट्या: घ्या, चाललं असतं! शेजारच्या काकूंना काय आता dig शिकवू?

वायरवाला: पिंग चालतो म्हणजे लाइन शंभर टक्के ठीक. कंपनीला फोन करायचाच नाही.

शंकेखोर: पिंग आयसीएमपीवर जातो, नावाची विचारणा यूडीपी 53 वर. एक चालू आणि दुसरं बंद असू शकतं.

माई_रत्नागिरी: माझी फक्त बँकेची साईट उघडत नाही. मीही तारीख बदलू का?

खटपट्या: माई, एकच साईट अडत असेल तर तो आजार वेगळा. तारखेला हात लावू नका.

जळका_मोडेम: 8.8.8.8 टाकून थकलो. नाव चुकलं की अजूनही जाहिरातींचंच पान येतं. पैसे भरायचे आम्ही आणि जाहिराती यांच्या!

शंकेखोर: विचारणा मधेच कुणीतरी अडवत असणार. हे करून बघा:

```
nslookup example.com 192.0.2.1
```

हा पत्ता फक्त पुस्तकातल्या उदाहरणांसाठी राखीव आहे, तिथे सर्व्हरच नाही. तरी उत्तर आलं तर ते तोतयाचं.

खटपट्या: बरं बाबा, अडवत असतील तर 8.8.8.8 चा उपयोग नाही. झालं समाधान? मग ब्राउझरमध्ये सिक्युअर डीएनएस लावा, ते 443 वरून जातं.

वायरवाला: कंपन्या असलं काही करत नाहीत. उगाच बदनामी.

जळका_मोडेम: उत्तर आलं! आता हे राउटर करतोय की कंपनी?

शंकेखोर: राउटर काढा, वायर थेट लॅपटॉपला लावा आणि परत चालवा.

जळका_मोडेम: राउटर त्यांचाच आहे, फायबर त्यातच घुसलेली. काढू काय, डोंबल?