'नाहीतर' म्हणजे किंवा का जर-तर?

अनघा_एफवाय: डिस्क्रीट मॅथ्सच्या वर्कशीटमध्ये प्रश्न आहे, "छत्री घे नाहीतर भिजशील" हे चिन्हांत लिहा. p म्हणजे छत्री घेतली, q म्हणजे भिजला. मी p ∨ q लिहिलं, मैत्रिणीने ¬p → q लिहिलं. आता टेबल केलं तर दोघींचे शेवटचे कॉलम वेगळे येतायत, मग बरोबर कोण?

पराग: तू बरोबर. नाहीतर म्हणजे किंवा, पण दोनपैकी एकच. छत्री घेतली की भिजणार नाही, म्हणून पहिल्या ओळीत F येणार.

जोशीसर: परागराव, तसं वाटतं खरं, पण शब्द फोडून बघा, नाही + तर. "छत्री घेतली नाही, तर भिजशील". घेतली तर काय होईल याबद्दल वाक्य गप्प आहे, वाऱ्यापावसात छत्री असूनही माणूस भिजतो आणि तेव्हा आई खोटं बोलली असं कोणी म्हणत नाही. म्हणून पहिली ओळ T. अनघा, मैत्रिणीचं कॉलम टाक बरं.

अनघा_एफवाय: तिचं वरून खाली F F T F आलंय. माझं T T T F.

जोशीसर: मग घोळ तिथेच आहे. एकेक कॉलम ताडून बघ.

```
p q | ¬p | ¬p→q | p∨q
T T | F  |  T   |  T
T F | F  |  T   |  T
F T | T  |  T   |  T
F F | T  |  F   |  F
```

तिचं ¬p बरोबर असणार, पुढच्यात चुकलंय. F F T F हे ¬p ∧ q चं कॉलम आहे, म्हणजे तिने बाणाच्या जागी 'आणि' केलं. बाणाच्या डावीकडे F असेल तर उजवीकडे काहीही असो, T च लिहायचं, F फक्त T → F ला. शेवटची दोन कॉलम चारही ओळींत जुळली म्हणजे दोघींची उत्तरं सममूल्य, नुसतं "तीन T आहेत" एवढं बघून टिक करू नका, ते T कुठल्या ओळींत आहेत ते बघा.

सुलभाताई: आमच्याकडे "चहा घेणार नाहीतर कॉफी?" असं विचारतात, त्याचं पण टेबल होतं का?

जोशीसर: ताई, तो प्रश्न झाला, त्याला खरं-खोटं लागत नाही, म्हणून टेबल नाही.

पराग: ठीक, ओळ फोडून पटलं. पण "आत ये नाहीतर बाहेर जा" म्हणताना दोन्ही एकदम कसं चालेल? तिथे तर एकच ना.

जोशीसर: तिथे दोन्ही एकदम होणं मुळात शक्यच नाही, ती ओळ प्रत्यक्षात येतच नाही, म्हणून ∨ घेतलं काय आणि तुमचं 'एकच' घेतलं काय, फरक दिसत नाही. आणि आज्ञेला विधान म्हणायचं का, हाही वेगळाच वाद आहे.

सुलभाताई: आणि "तो बघ किती शहाणा, नाहीतर तू!" यात कुठला 'किंवा' आणि कुठलं 'जर-तर'?

अनघा_एफवाय: सर, हे वर्कशीटमध्ये आलं तर काय लिहायचं?