सभेचं रेकॉर्डिंग ऐकून परिपत्रक काढताना
"शिक्षक सभेचं पाऊण तासाचं रेकॉर्डिंग आहे. त्यातून कामवाटप, तारखा आणि परिपत्रक कसं काढू?"

आधी तारखा पक्क्या करा, कारण सभेत त्याच सर्वात जास्त फिरतात. समजा, दहाव्या मिनिटाला 'घटक चाचणी १२ पासून' असं ठरलं. पस्तिसाव्या मिनिटाला कुणीतरी आठवण केली की त्या दिवशी क्रीडास्पर्धा आहेत, आणि मुख्याध्यापक म्हणाले, 'मग सोमवारपासून घ्या.' पहिली तारीख लिहून पुढे गेलात तर परिपत्रक चुकलंच. म्हणून प्रत्येक तारखेपुढे रेकॉर्डिंगमधलं मिनिट लिहा आणि शेवटपर्यंत ऐकून झाल्यावरच आधीची खोडा. 'सोमवार' म्हणजे नेमकी कोणती तारीख, हे कॅलेंडरवर पाहून वार आणि तारीख दोन्ही लिहा.

कामवाटपात 'बघतो', 'करूया' हे होकार धरू नका. 'प्रश्नपत्रिका आठवडाभर आधी द्यायच्या' असं ठरलं, पण कोणी कुणाकडे ते बोललंच गेलं नाही, तर तिथे नाव रिकामं ठेवा आणि मुख्याध्यापकांना विचारा. अंदाजाने नाव घातलं की नंतर वाद होतो.

परिपत्रकात चर्चा नको, फक्त निर्णय. उदाहरणार्थ: 'सर्व विषयशिक्षकांना कळविण्यात येते की, घटक चाचणी सोमवार, दि. १५ पासून सुरू होईल. प्रश्नपत्रिका सोमवार, दि. ८ पर्यंत परीक्षा विभागाकडे जमा कराव्यात.' पालकांसाठीचं परिपत्रक वेगळं काढा. त्यात प्रश्नपत्रिकेचं वाक्य जाता कामा नये. सहीपूर्वी तारखांची ओळ मुख्याध्यापकांना वाचून दाखवा.