मदत हवी आहे: भाडेकराराचा गोषवारा करताना मुदत कोणत्या तारखेपासून धरायची?

नवी_पायरी:
आमच्या छोट्या व्यवसायाच्या जागेचा भाडेकरार चाळीस पानांचा आहे. फाइलसाठी एक पानी गोषवारा करतेय. सही २० मार्च २०२३ ची, ताबा १ मे २०२३ ला मिळाला, पहिले दोन महिने भाडेमाफी, म्हणजे भाडे १ जुलैपासून. मुदत पाच वर्षे. नूतनीकरण हवे असल्यास मुदत संपण्याच्या किमान १८० दिवस आधी लेखी नोटीस द्यायची आहे. मी ३० जून २०२८ ला मुदत संपते असे लिहिले. बरोबर आहे का?

सरळरेषा:
मुदत नेहमी सहीच्या तारखेपासून मोजतात. आणि १८० दिवस म्हणजे सहा महिनेच की.

हिशेबनीस:
नेहमी नाही. व्याख्यांच्या कलमात 'प्रारंभ दिनांक' काय दिलाय ते पाहा.

नवी_पायरी:
'ताबा दिल्याचा दिवस' असे आहे.

हिशेबनीस:
मग मुदत ३० एप्रिल २०२८ ला संपते. नोटिशीचा शेवटचा दिवस दिवसांवरूनच काढा, महिन्यांवरून नको:

```
=DATE(2028,4,30)-180
```

उत्तर २ नोव्हेंबर २०२७. तुमच्या ३० जूनवरून २ जानेवारी २०२८ आले असते. त्या दिवशी नोटीस दिली असती तर हक्क दोन महिने आधीच गेलेला असता. म्हणून गोषवाऱ्यात सही, ताबा, भाडे सुरू आणि मुदत समाप्ती अशा चारही तारखा वेगळ्या लिहा आणि प्रत्येकीपुढे कलम व पान क्रमांक टाका. नोटीस त्या दिवसापर्यंत पाठवायची की पोहोचायला हवी, हे नोटिशीच्या कलमात असते. तेही तिथेच नोंदवा. मी स्वतः महिनाभर आधीची आठवण लावते.

भाडेकरू_३:
माझ्या घरमालकाने डिपॉझिट अडवून ठेवलंय, त्याबद्दल कुठे लिहू?

हिशेबनीस:
तो विषय वेगळा, नवा धागा काढा. पण यांच्या गोषवाऱ्यातही अनामत रक्कम किती, किती दिवसांत परत आणि कशाकशाची वजावट, हे हवेच.

नवी_पायरी:
भाडेवाढ 'दरवर्षी ५ टक्के' एवढेच आहे. पाच वर्षांचा तक्ता करू ना?

सरळरेषा:
सोपं आहे. १०० असेल तर १०५, ११०, ११५.

हिशेबनीस:
तशी वाढ मूळ भाड्यावर असेल तर. आदल्या वर्षीच्या भाड्यावर असेल तर तिसऱ्या वर्षी ११०.२५ आणि पाचव्या वर्षी १२१.५५, मूळ भाड्यावर धरलं तर १२०. शिवाय ती १ मेला लागते की १ जुलैला? करारात स्पष्ट नसेल तर स्वतः ठरवून आकडा लिहू नका. 'करारात स्पष्ट नाही' असे लिहा आणि मालकाकडून लेखी खुलासा घ्या. वाद झाला तर गोषवारा नव्हे, करार पाहिला जातो. पुरवणी करार झालाय का?

नवी_पायरी:
एक झालाय, पार्किंगचा. तो मी वाचलाच नव्हता, आज काढते.

हिशेबनीस:
पूर्ण वाचा. पार्किंगच्या नावाखाली समाप्तीची तारीख बदललेलीही मी पाहिली आहे.